झोपवलं की संपवलं? मिरजेतलं एक प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांच्या, वाळवा तालुक्यातल्या शेतकरी कुटुंबातल्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग. दोन वर्षांपूर्वी सापडला तेव्हाच तो ओटीपोटाच्या भिंतीला भिडलेला होता. रेडिएशन आणि केमो झाली, वर्षभर बरं गेलं, मग गाठ त्याच जागी परत उगवली. या खेपेला तिने दोन गोष्टी धरल्या. एक, डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसांचं जाळं. त्यामुळे मांडीपासून घोट्यापर्यंत चोवीस तास आग. दोन, दोन्ही बाजूंच्या मूत्रनलिका. त्यामुळे मूत्रपिंडं हळूहळू बंद पडत चाललेली. घरात त्यांना सगळे आक्का म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदललेत.

शेवटचे अडीच दिवस आक्का मिडॅझोलाम या गुंगीच्या औषधावर होत्या आणि त्या गुंगीतच गेल्या. अशा वेळी घरच्यांच्या, सिस्टरांच्या आणि कधीकधी डॉक्टरच्याही मनात एकच शंका असते: आपण झोपवलं की संपवलं? नीतिशास्त्रात याचं ठरलेलं उत्तर म्हणून द्विपरिणामाचं तत्त्व पुढे केलं जातं. एका कृतीचे दोन परिणाम होणार असतील, एक चांगला आणि एक वाईट, आणि चांगला साधायचा असताना वाईट नुसता दिसत असेल पण साधायचा नसेल, तर काही अटींवर ती कृती चालते. उत्तर बरोबर आहे, पण ते जिथे सहसा लावतात तिथे त्याची फारशी गरज नसते आणि जिथे गरज असते तिथे कुणी लावत नाही, असं माझं मत झालंय. ते या प्रकरणावरून दाखवतो.

आधी मॉर्फिन उलटलं होतं

आक्का सोमवारी सकाळी आमच्याकडे आल्या तेव्हा किंचाळत होत्या. आधी त्या दर चार तासांनी ३० मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी घेत होत्या, जोडीला नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन. त्यावर दोन महिने ठीक चाललं होतं. मग आठवडाभर दुखणं वाढत गेलं, म्हणून गावाकडच्या डॉक्टरांनी मात्रा ४० केली. दुखणं आणखी वाढलं.

थोरला मुलगा सांगत होता, "गोळी वाढवली तसं जास्तच कराया लागली. चादर लागली तरी वरडतीय."

चादर लागली तरी, हे त्याचं वाक्य आमच्या कामाचं होतं. पांघरुणाच्या स्पर्शानेही दुखतंय, तेही फक्त डाव्या पायाला नाही तर सगळ्या अंगाला. हातापायांना मधूनच झटके बसतायत. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. बोटांनी हवेतलं काहीतरी वेचतायत आणि वारलेल्या आईशी बोलतायत. मूत्रपिंडं किती बंद पडलीत ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन ६.१. हे चित्र कर्करोग वाढल्याचं नव्हे, मॉर्फिनच्या अवशेषांचं आहे. मॉर्फिन यकृतात मोडतं आणि त्यातून जी द्रव्यं तयार होतात ती लघवीवाटे जातात. मूत्रपिंडं बंद असली की ती साचतात आणि चेतासंस्थेला चिडवतात. डॉक्टरला वाटतं दुखणं वाढलं, तो मात्रा वाढवतो, त्याने अवशेष वाढतात, त्याने दुखणं वाढतं. या फेऱ्यात सापडलेल्या रुग्णाला कोणी थेट गुंगीत टाकलं, तर वरून शांत दिसेल, पण ज्याला उपाय होता त्यावर पांघरूण पडेल. म्हणून गुंगीचा विचार करण्याआधी हे निस्तरणं भाग होतं.

मॉर्फिन थांबवलं. त्याजागी फेंटानिल हे मॉर्फिनसारखंच अफूवर्गीय औषध घेतलं, कारण मूत्रपिंडं बंद असली तरी त्याचे असे त्रासदायक अवशेष साचत नाहीत. रूपांतराचा हिशेब केला तर ताशी १०० मायक्रोग्रॅम येत होतं; विषबाधा झालेली असताना पूर्ण मात्रा देत नाहीत, म्हणून निम्म्यावर, ताशी ५० वर सुरुवात केली. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बारीक सुई आणि सिरिंज पंप. कातडीवर चिकटवायचा पॅच लावला नाही, कारण त्याचा असर चढायला आणि उतरायला फार वेळ लागतो, आणि आम्हाला तासातासाने बदल करायचे होते. भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल. मलावरोध, तुंबलेली लघवी, ताप, रक्तातलं कॅल्शियम आणि सोडियम, हे सगळं तपासून झालं. मूत्रपिंडाला पाठीतून नळी घालून लघवी काढता आली असती. त्याबद्दल यूरोलॉजिस्ट महिन्यापूर्वीच बोलले होते आणि आक्कांनी पूर्ण शुद्धीत नकार दिला होता: "आता भोकं पाडू नका मला." केस पेपरवर ते लिहिलेलं होतं. डायलिसिसलाही नाही म्हटलं होतं.

बुधवारपर्यंत झटके जवळपास थांबले, बाहुल्या मोठ्या झाल्या, चादर अंगावर राहू लागली. म्हणजे निदान बरोबर होतं. पण डाव्या पायाची आग तशीच होती, फेंटानिल ७५ वर नेऊनही. कूस बदलायला किंवा स्वच्छता करायला दोघी सिस्टर आल्या की त्या आवाजानेच त्या ताठ व्हायच्या. हॅलोपेरिडॉल वाढवूनही भ्रम आणि तळमळ हटेना. लघवी दिवसाला जेमतेम ६० मिली. खाणं बंद, पाण्याचा घोटही गालातून बाहेर. पाठीच्या कण्याजवळ औषध टोचून नसा बधिर करण्याबद्दल भूलतज्ज्ञांना विचारलं. त्यांचं म्हणणं, इतक्या तळमळणाऱ्या रुग्णाला कुशीवर स्थिर धरता येणार नाही आणि गुण यायच्या आत वेळ संपेल. केटामाइन हे भुलीचं औषध टाळलं, त्याने भ्रम भडकला असता.

उपाय हरलेलं दुखणं कशाला म्हणायचं याचं एक मापक पॅलिएटिव्ह केअरमध्ये वापरतात. पुढचा कोणताही उपाय दुखणं आवरू शकणार नसेल, किंवा रुग्णाला सोसवेल इतक्या वेळात गुण देणार नसेल, किंवा त्याचा त्रास मूळ दुखण्याहून जास्त होणार असेल, तर ते उपाय हरलेलं. बुधवारी संध्याकाळी आक्का त्या मापकात बसल्या. सोमवारी बसत नव्हत्या.

धाकटा यायचा होता

धाकटा मुलगा बंगळुरात नोकरीला. तो गुरुवारी सकाळी पोचणार होता. आणि आक्का आठवड्यापूर्वी, शुद्धीवर असताना, लेकीला आणि आमच्या सिस्टरना म्हणाल्या होत्या की दुखू देऊ नका, पण धाकट्याला येऊ द्या.

या एका वाक्यात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात. दुखू न देण्याचा एकच मार्ग उरला होता तो झोपवण्याचा, आणि धाकट्याला भेटायचं तर जाग हवी. शुद्ध ही रुग्णाच्या मालकीची गोष्ट आहे आणि ती काढून घ्यायची तर त्याला तोलाचं कारण लागतं, हे इथे डोळ्यांसमोर येतं. सांगली-मिरज भागात जैन कुटुंबं बरीच. त्यांच्यातले काही वयस्क रुग्ण आम्हाला आधीच बजावून ठेवतात की शेवटच्या घटकेला णमोकार कानावर पडला पाहिजे, दुखलं तरी चालेल. त्यांच्या बाबतीत तीच मात्रा, तेच औषध, तोल मात्र वेगळा पडतो. तोल रुग्णाच्या पारड्यात बघायचा असतो, डॉक्टरच्या नाही.

म्हणून बुधवारी रात्री कायमची नव्हे, ठरावीक वेळेची झोप दिली. रात्री दहाला मिडॅझोलाम २.५ मिलिग्रॅम कातडीखाली, मग पंपातून ताशी १ मिलिग्रॅम, पहाटे पाचला बंद. मूत्रपिंडं बंद असली की मिडॅझोलामचे अवशेषही साचतात, त्यामुळे जाग उशिरा येणार हे धरलेलं होतं. आठाच्या सुमारास डोळे उघडतील असा अंदाज होता, उघडले दहाला. धाकटा तोवर येऊन उशाशी बसला होता. त्याने हाक मारली तशी आक्कांनी मान वळवली, त्याच्या मनगटाला धरलं आणि "जेवलास?" म्हणाल्या. त्यांनी त्याला ओळखलं की तो शब्द भ्रमातला होता, हे कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. लेकीच्या मते ओळखलं.

दुपारी दोनपर्यंत तळमळ पूर्ववत झाली. तीन वाजता दोन्ही मुलं, लेक, आक्कांचे यजमान, मी आणि सिस्टर असे बसलो. सलग झोप सुरू करण्याचं ठरलं. काय देणार, का देणार, त्यातून त्या परत जाग्या होण्याची शक्यता किती कमी आहे, हे मराठीत लिहून त्यावर यजमानांची आणि लेकीची सही घेतली. आक्कांचं आठवड्यापूर्वीचं वाक्यही तारखेसह त्याच कागदावर.

डोसचा कागद

गुरुवारी दुपारी साडेतीनला पुन्हा २.५ मिलिग्रॅम आणि ताशी १ मिलिग्रॅम. फेंटानिल ७५ वर तसंच चालू, कारण गुंगीचं औषध दुखणं मारत नाही, फक्त जाणीव कमी करतं. नुसती गुंगी दिली तर झोपलेला माणूस आतून दुखण्यात असू शकतो. याच्या उलट चूक मात्र मी जास्त पाहतो: झोपवण्यासाठी मॉर्फिनच चढवत नेणं. त्याने झोप धड येत नाही, आणि झटके व भ्रम येतात.

दर अर्ध्या तासाने सिस्टर चार गोष्टी लिहीत होत्या: कपाळावर आठ्या आहेत का, हाक मारल्यावर डोळे उघडतात का, श्वास मिनिटाला किती, आणि कूस बदलताना काय होतं. गुंगीची खोली मोजायला रिचमंड मापपट्टी वापरतो. शून्य म्हणजे शांत आणि जागा, उणे १ म्हणजे पेंगुळलेला, उणे ५ म्हणजे चिमटा काढला तरी हालचाल नाही. लक्ष्य उणे ३ लिहिलं होतं: हाकेला किंचित हालचाल, डोळ्याला डोळा नाही. साडेचारला ताशी १.५ केलं, साडेसहाला २. सात वाजता कूस बदलली तेव्हा आक्का पहिल्यांदा ओरडल्या नाहीत. श्वास १४. मात्रा तिथेच थांबली.

रात्री अकराला थोरला मुलगा व्हरांड्यात आला. "डॉक्टर, आता जरा जास्तच सोडा की. संपवून टाका. बघवंना झालंय." मी म्हटलं, "दादा, आत्ता आक्कांना त्रास होतोय असं दिसतंय का?" तो म्हणाला, "न्हाई. आमास्नी होतोय." एवढं प्रामाणिक उत्तर क्वचित मिळतं. मात्रा वाढवली नाही.

शुक्रवारी सकाळी आक्का उणे ४ वर होत्या, हाकेला काहीच नाही, श्वास १२. औषध साचत होतं. मात्रा २ वरून १.५ वर आणली. दोन तासांनी कूस बदलताना कण्हल्या, हात पायाकडे गेला. परत २. आणि जादा हवं तेव्हा २.५ मिलिग्रॅमचा एक डोस द्यायची मुभा. ती शनिवारपर्यंत दोनदाच वापरली.

हा कागद हीच या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. द्विपरिणामाच्या तत्त्वाचा सगळा भार हेतूवर आहे, आणि त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की हेतू मनात असतो, तो कोण तपासणार? डॉक्टर म्हणेल मला फक्त वेदना थांबवायची होती. पण वेदना थांबवणारा माणूस वेदना थांबली की थांबतो. तो मात्रा त्रासाच्या मागोमाग वाढवतो आणि त्रास नसेल तर कमीही करतो. मारायला निघालेल्याला सकाळी नऊ वाजता मात्रा उतरवायचं काही कारण नसतं. शुक्रवारची ती १.५ ची नोंद, आणि तिच्याखालची "कण्हल्या, परत २" ही ओळ, यात हेतू कुणालाही वाचता येतो.

इंग्लंडमध्ये १९९२ साली डॉ. नायजेल कॉक्स यांच्यावर खटला चालला. संधिवाताने असह्य वेदनेत असलेल्या एका वृद्ध रुग्णाला त्यांनी पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं होतं. दयाळूपणाबद्दल शंका कुणालाच नव्हती. पण पोटॅशियम क्लोराइड वेदना थांबवत नाही, ते हृदय थांबवतं. वेदना थांबते ती माणूस गेल्यामुळे. म्हणून खुनाच्या प्रयत्नाबद्दल ते दोषी ठरले. तिथे औषधाच्या नावातच हेतू लिहिलेला होता. मिडॅझोलामच्या बाबतीत नाव पुरत नाही, मात्रेची चढउतार बघावी लागते.

अटी चार, अडचण तिसरीत

या विचाराचं मूळ तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस यांच्याकडे नेतात. स्वतःचा जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर ते पाप का, या प्रश्नावर ते म्हणतात की एका कृतीला दोन परिणाम असू शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. पण तिथेच पुढे बजावतात की बचावापुरत्या गरजेहून जास्त बळ वापरलं तर ती कृती गैर ठरते. गरजेपुरतंच, हा तो धागा. पुढच्या धर्मशास्त्र्यांनी त्याच्या चार अटी केल्या: कृती मुळात वाईट नसावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, वाईट परिणाम हे चांगल्याचं साधन नसावं, आणि वाईटाची जोखीम घेण्याइतकं कारण मोठं असावं.

पहिली अट आक्कांच्या बाबतीत सरळ आहे. दुसरीचं वर सांगितलं. चौथीचा तोल बुधवारी आणि गुरुवारी मांडला गेला. तिसरीकडे मात्र थांबावं लागतं, आणि ते लोक थांबत नाहीत, कारण "वाईट परिणाम" म्हटल्यावर सगळ्यांना मृत्यूच दिसतो.

मृत्यू इथे साधन नव्हता, हे दाखवणं सोपं आहे. आक्का शनिवारी गेल्या नसत्या, रविवार-सोमवार काढला असता, तर आमचा बेत फसला असता का? नाही. तीच मात्रा चालू राहिली असती, तोंड पुसलं असतं, कूस बदलली असती. वेदना गुरुवारी संध्याकाळी सातलाच थांबली होती.

पण शुद्ध हरपणं? ते तर साधनच आहे. मॉर्फिनने पेंगुळणं हा न मागितलेला परिणाम असतो, मिडॅझोलाममध्ये झोप हीच मागितलेली गोष्ट. आक्कांची शुद्ध गेल्यामुळेच त्यांचं दुखणं त्यांच्यापर्यंत पोचेनासं झालं. शुद्ध हरपणं मुळातच वाईट मानलं, तर तिसरी अट मोडते आणि द्विपरिणामाचा आधार कोसळतो. "आमचा हेतू झोपवायचा नव्हता, तो नुसता दुष्परिणाम" असं म्हणणारे डॉक्टर मी ऐकलेत. ते खरं नाही. कागदावर लक्ष्य उणे ३ लिहायचं आणि वर झोप हेतूत नव्हती म्हणायचं, हे जमत नाही.

यातून वाट एकच दिसते. शुद्ध हरपणं ही मृत्यूसारखी, कुठल्याच कारणाने मुद्दाम करू नये अशी गोष्ट नाही. शस्त्रक्रियेत आपण ती रोज मुद्दाम घालवतो. ती मोलाची आहे, म्हणून ती घालवायला कारण लागतं, पण ते कारण असेल तर ती उघडपणे हेतू म्हणून घालवता येते. मग द्विपरिणामाचं तत्त्व मृत्यूच्या जोखमीपुरतं राहतं आणि शुद्धीचा प्रश्न सरळ तोलाचा होतो. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडल्या होत्या: वेदनाशामकाने आयुष्य थोडं घटलं तरी ते चालेल, आणि मरणाऱ्या माणसाची शुद्ध गंभीर कारणाशिवाय काढून घेऊ नये. पहिलं वाक्य सगळे सांगतात, दुसरं विसरतात. आक्कांचं "धाकट्याला येऊ द्या" त्या दुसऱ्या वाक्यात येतं.

आयुष्य घटलं का?

मृत्यूची जोखीम खरोखर किती? इटलीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शेवटच्या दिवसांत गुंगी दिलेल्या आणि न दिलेल्या रुग्णांची तुलना केली होती. गुंगी दिलेल्यांचं मध्यक आयुष्य १२ दिवस निघालं, न दिलेल्यांचं ९. गुंगीने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. कुणाला गुंगी द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, दोन्ही गटांत फरक असणारच. पण नीट मात्रा ठेवली तर गुंगीने माणूस लवकर जातो याचाही पुरावा त्यात नाही, आणि पुढच्या एकत्रित आढाव्यांतही तो मिळाला नाही.

म्हणून द्विपरिणामाचा मंत्र येताजाता म्हणणं मला पटत नाही. त्यातून घरच्यांना उलटा निरोप जातो की डॉक्टर आयुष्य घटवतायत, फक्त तसा हेतू नाही म्हणतायत. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही गावोगावची समजूत त्यातूनही पोसली जाते, आणि लोक पुढच्या वेळी गोळी घ्यायला घाबरतात.

आक्कांच्या शेवटच्या रात्री श्वासाची लय बदलली. भराभर श्वास, मग खोल, मग वीसेक सेकंद काहीच नाही, मग परत. धाकट्याने घाबरून पंपाकडे बोट दाखवलं. हे औषधाचं लक्षण नव्हतं. अफूवर्गीय औषध जास्त झालं की श्वास संथ आणि एकसारखा होतो, मिनिटाला आठच्या खाली येतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. आक्कांच्या बाहुल्या मध्यम होत्या. थांबून थांबून येणारा श्वास मेंदू आणि मूत्रपिंड बंद पडत चालल्याचा. त्याला बॅटरीच्या उजेडात बाहुल्या दाखवल्या आणि सोमवारच्या कशा होत्या ते वहीतलं वाचून दाखवलं. तो गप्प झाला, पण पंपाकडे बघणं त्याने सोडलं नाही.

सलाईनचा प्रश्न

खरी शंका मात्र थोरल्याच्या प्रश्नात होती, आणि ती औषधाबद्दल नव्हतीच. सोमवारपासून कातडीखालून दिवसाला ५०० मिली सलाईन चालू होतं. शुक्रवारी पावलं सुजली, छातीत घरघर सुरू झाली. लघवी होत नसताना पाणी जाणार कुठे? दुपारी सलाईन थांबवलं. तेव्हा तो म्हणाला, "औषधानं न्हाई मरायची, कबूल. पण पाणी आपण तोडलं. मग आपणच मारतोय न्हाई म्हणायचं का?"

प्रश्न बिनतोड आहे. माणसाला बेशुद्ध करायचं आणि मग पाणी बंद करायचं, या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर तो मरणारच, आजार असो वा नसो. मिडॅझोलामने न होणारं काम ही जोडी करते. म्हणून दोन निर्णय एका सहीत घेऊ नयेत. आम्ही सलाईनची नोंद वेगळी केली होती, वेगळ्या वेळेला, वेगळ्या कारणाने: सूज, घरघर, लघवी नाही. त्याला सांगितलं, आक्का जाग्या असत्या तरी आज हे सलाईन थांबवलंच असतं. ही कसोटी आहे. जागेपणी जे थांबवलं नसतं ते झोपेत थांबवत असाल, तर झोप हे निमित्त झालं.

त्यानंतर लेकीला तुळशीच्या पाण्यात भिजवलेला कापूस दिला. ओठ, जीभ, हिरड्या पुसायच्या, पिळून घालायचं नाही, चमच्याने तर नाहीच, कारण गिळायची ताकद नसताना घोट श्वासनळीत जातो. तासातासाने ती ते करत राहिली. पाणी तोडलं ही थोरल्याची बोच त्याने किती कमी झाली, सांगता येत नाही.

कायद्याचं

भारतात इंजेक्शन देऊन मरण आणणं गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या कॉमन कॉज निकालाने आणि त्यातल्या २०२३ च्या सुधारणेने सोपी झालेली प्रक्रिया आयुष्य लांबवणारे उपचार थांबवण्यासाठी आहे. वेदना आवरणाऱ्या गुंगीचा प्रश्न त्याहून वेगळा. पण द्विपरिणामाचा विचार आपल्या दंडविधानात पहिल्यापासून आहे, हे डॉक्टरांनाही सहसा माहीत नसतं. भारतीय न्याय संहितेचं २६ वं कलम, जुन्या दंडसंहितेचं ८८ वं, म्हणतं की मृत्यू घडवण्याचा हेतू नसताना, संमती दिलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती, तिच्यातून अपाय होण्याची शक्यता करणाऱ्याला ठाऊक असली तरी, गुन्हा नाही. उदाहरण सर्जनचंच दिलंय: शस्त्रक्रियेत रुग्ण दगावू शकतो हे माहीत असूनही ती करणारा. रुग्ण संमती देण्याच्या स्थितीत नसेल तर ३० वं कलम आहे, आणि त्यात मुद्दाम मृत्यू घडवण्याला सवलत नाही असं स्पष्ट लिहिलंय. हेतू आणि जाणीव वेगळी, हाच तो भेद.

१९५७ सालीच इंग्लंडमध्ये डॉ. जॉन बॉडकिन ॲडम्स यांच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्यूरीला सांगितलं होतं की वेदना हटवण्यासाठी योग्य आणि आवश्यक ते करण्याचा डॉक्टरला हक्क आहे, ओघात आयुष्य थोडं घटलं तरी. ॲडम्स सुटले. रुग्णांच्या मृत्युपत्रांत या डॉक्टरांचं नाव वारंवार यायचं, आणि त्यांच्याबद्दलचा संशय पुढे कधीच फिटला नाही. चांगलं तत्त्व कधीकधी अशा दारातून येतं. "योग्य आणि आवश्यक" हे दोन शब्द म्हणूनच कागदावर सिद्ध करायचे असतात.

हेच महिनाभर आधी असतं तर

आक्का शनिवारी रात्री उशिरा गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कर्करोग आणि मूत्रपिंडं निकामी. पण हे प्रकरण महिनाभर आधीचं धरून बघितलं की तत्त्वाची मर्यादा कळते. तेव्हा त्या पेज खात होत्या, लघवी होती, पायाची आग मात्र जवळपास एवढीच. तेव्हा कुणी सलग खोल गुंगीचा आग्रह धरला असता, तर उत्तर वेगळं द्यावं लागलं असतं. आठवडे हातात असलेला माणूस सलग झोपवला तर त्याचं खाणंपिणं आपल्यामुळे बंद होतं, आणि तेव्हा मृत्यू आजाराचा राहत नाही. सलग खोल गुंगी आयुष्य काही तासांचं ते फार तर दोन आठवड्यांचं उरलं असेल तरच, असं म्हणतात ते याचसाठी. त्या वेळी हातात असतात ते वेगळे उपाय: मॉर्फिनऐवजी मेथाडोन हे दुसरं अफूवर्गीय औषध, कण्यातून नसा बधिर करणं, जे महिन्यापूर्वी आक्कांना कुशीवर शांत झोपवून करता आलं असतं, आणि बुधवारसारखी रात्रीपुरती झोप, सकाळी उठवून परत विचारायचं. आमच्याकडे भूलतज्ज्ञांचा विचार बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होतो, तेव्हा त्यांच्या हातातही काही उरलेलं नसतं.